हळदीचा कागद साबणात लाल, खायच्या सोड्यात मात्र पिवळाच. असं का?

प्रयोगवही
मुलीला शाळेसाठी घरगुती दर्शकांचा तक्ता करायचा आहे. हळद, लाल कोबी आणि जास्वंद घेतलं, आणि लिंबाचा रस, साबणाचं पाणी, खायचा सोडा यांत प्रत्येकाचा रंग पाहिला. कोबी आणि जास्वंद सोड्यात व्यवस्थित बदलले (निळसर आणि हिरवट). हळदीचा कागद साबणात छान तांबडा झाला, पण सोड्याच्या पाण्यात पिवळाच राहिला. फार तर किंचित नारिंगी म्हणता येईल. पुस्तकात लिहिलंय की आम्लारीत हळद लाल होते, आणि सोडा तर आम्लारीधर्मी. सोडा जुना झाला म्हणून असं होतंय की हळदीत काही गडबड आहे? अर्धी वाटी पाण्यात पाव चमचा सोडा घेतला होता, पाणी साधं थंड.

आंबटचुका
हळदीत भेसळ असणार. बाजारच्या हळदीत मेटॅनिल यलो घालतात. शुद्ध हळद सोड्यात लगेच लाल होते. लिंबू पिळून पाहा, गुलाबी झाली तर भेसळ नक्की.

टीपकागद
आंबटचुका, मेटॅनिल यलोची भेसळ होते हे खरं, पण लिंबाने ती कळत नाही. त्या रंगाला गुलाबी व्हायला फार तीव्र आम्ल लागतं, सामू साधारण 2 च्या खाली. म्हणून त्या तपासणीत हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. लिंबाचा रस असतो 2 ते 2.5 च्या आसपास, म्हणजे नेमका काठावर. त्यामुळे लिंबात हळद पिवळी राहिली म्हणून ती शुद्ध ठरत नाही.

प्रयोगवही, तुमची हळदही ठीक आहे आणि सोडाही. हळदीचा रंग सामू 7.4 च्या आसपास बदलायला लागतो आणि पुरता तांबडा व्हायला साडेआठच्या वर जावं लागतं. खायच्या सोड्याचं थंड पाणी असतं 8.3 च्या जवळ. म्हणजे हळद मध्येच लटकते, आणि तुम्ही पाहिलेली किंचित नारिंगी छटा हेच तिचं खरं उत्तर आहे. अंघोळीच्या साध्या साबणाचं पाणी 9 ते 10 असतं, तिथे ती लाल होणारच. सोडा वाढवूनही फारसा फरक पडणार नाही. पाव चमच्याऐवजी दोन चमचे घातले तरी सामू तिथेच घुटमळतो.

करून पाहण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. त्याच सोड्याच्या पाण्याचे दोन भाग करा. एक तसाच ठेवा, दुसरा स्टीलच्या पातेल्यात दहा मिनिटं चांगला खळखळ उकळा आणि गार होऊ द्या. पाणी आटलं असेल तर तेवढं वरून घाला. आता हळदीची एकेक पट्टी दोन्हींत बुडवा. उकळलेल्यात पट्टी तांबडी होईल.

प्रयोगवही
केलं! थंड पाण्यात पिवळी-नारिंगी, उकळलेल्यात विटकरी लाल. पण सोडा तर तोच आहे. उकळून जोर कसा वाढला?

टीपकागद
सोडा आता तोच राहिलेला नाही. उकळताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्यातल्या बऱ्याच सोड्याचा धुण्याचा सोडा होतो:

2NaHCO₃ → Na₂CO₃ + H₂O + CO₂

धुण्याच्या सोड्याचं पाणी 11 च्या आसपास जातं. उकळून सगळा सोडा बदलत नाही, पण हळदीपुरता पुरतो.

पुरता बदल बघायचा असेल तर कोरडा सोडा तापवा. कढईत 10 ग्रॅम सोडा मध्यम आचेवर अर्धा तास, अधूनमधून हलवत. सुरुवातीला भुकटी पाण्यासारखी हलकी उकळल्यागत फसफसते, कारण आतून वायू निघत असतो. ते थांबलं की काम झालं. तराजू असेल तर वजन करा, साधारण 6.3 ग्रॅम भरेल. सात-आठ भरलं तर अजून तापवायला हवा. तयार झालेला सोडा डबीत भरून चिठ्ठी लावा, कारण तो खायचा नाही आणि दिसायला अगदी खायच्या सोड्यासारखाच असतो. त्याचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका.

तवा_गरम
म्हणजे ढोकळ्यावर लाल ठिपके पडतात ते याच कारणाने का? पीठ पिवळं असतं आणि वाफवल्यावर मधेमधे रक्तासारखे डाग दिसतात. दरवेळी पडतात असं नाही. हळद कमी केली तर ठिपके कमी होतात, पण जात नाहीत.

टीपकागद
ताई, विषय प्रयोगाचा असला तरी तुमचा ढोकळा त्याच प्रयोगात बसतो. सोड्याचा जो कण पिठात न विरघळता राहतो, त्याच्याभोवती वाफेच्या उष्णतेने त्याचा तीव्र सोडा होतो आणि शेजारची हळद लाल होते. सोडा चाळून, दोन चमचे पाण्यात पुरता विरघळवून घातला की ठिपके जातात. तरीही अख्खा ढोकळा तांबूस आला तर आंबट कमी पडलं असं समजा. 1 ग्रॅम सोडा मारायला साधारण पाऊण ग्रॅम सायट्रिक आम्ल लागतं, लिंबाच्या रसाच्या हिशेबात अंदाजे 15 मिली, म्हणजे एक मोठा चमचा. चहाचा चमचा भरून सोडा टाकला तर तो पाच ग्रॅमच्या घरात जातो. अर्ध्या लिंबात तो काही मरत नाही.

तवा_गरम
फ्रूट सॉल्ट घातलं तर ठिपके कमी येतात, त्याचा अर्थ आता लागला. त्यात आंबट आधीच असतं.

निळीशाई
हळदीबद्दल एक भर. लिंबाच्या रसात हळद बदलतच नाही, पाण्यातही बदलत नाही. त्यामुळे तक्त्यात 'हळद : लिंबू – पिवळी' लिहाल तेव्हा शेजारी 'साधं पाणी – पिवळी' हेही लिहा. नाहीतर मुलांना वाटतं की हळदीने आम्ल ओळखलं. हळद फक्त आम्लारी दाखवते. आम्ल दाखवायचं असेल तर हळदीचा कागद आधी साबणाने लाल करून घ्या आणि मग त्यावर लिंबाचा थेंब टाका, लगेच पिवळा होतो. शर्टावर पडलेला वरणाचा डाग कपड्याच्या साबणाने लाल होतो आणि खळबळल्यावर परत पिवळा होतो, तोच हा प्रकार. तो डाग साबणाने पुरता जात नाही, उन्हात फिका होतो.

पट्ट्या कशा केल्या तेही लिहा, अर्धा गोंधळ तिथेच असतो.

प्रयोगवही
हळद पाण्यात कालवून साध्या छपाईच्या कागदावर लावली, वाळवली, कापली. कोबीच्याही पट्ट्या तशाच केल्या होत्या, पण त्या वाळताना आपोआपच निळ्या-हिरवट झाल्या. म्हणून त्या सोडून कोबीचं पाणीच वापरलं.

निळीशाई
कोबीच्या पट्ट्या त्या कागदानेच बिघडवल्या. हल्लीच्या छपाईच्या कागदात खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. कोबीचा रस त्यात मुरला की कागदच त्याला आम्लारीकडे ओढतो. कॉफी गाळायचा पांढरा कागद किंवा प्रयोगशाळेचा गाळणकागद घ्या. जुन्या दुकानात टीपकागद मिळाला तर उत्तमच.

हळदीचं द्रावण पाण्यात करू नका. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, नुसता गाळ तरंगतो आणि पट्टीवर कुठे दाट कुठे पातळ बसतो. 50 मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये चहाचा एक चमचा हळद घाला, झाकण लावून हलवा आणि अर्धा तास बसू द्या. वरचं स्वच्छ पिवळं द्रावण निथळून घ्या. पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. गॅस बंद ठेवून, खिडकी उघडून हे करा, स्पिरिट लगेच पेट घेतं. हात धुवायचं पातळ सॅनिटायझरही चालतं. जेल नको, ते कागदावर पापुद्रा धरतं.

कोकणातली_बोंडं
माझ्याकडे जास्वंदीचं वेगळंच झालं. दुकानातून सुकी 'हिबिस्कस टी' आणली होती. गरम पाण्यात टाकल्यावर झकास लाल रंग आला. लिंबात लालच राहिला, ठीक. पण सोड्याच्या पाण्यात घातल्यावर फसफस होऊन परत लालच! हिरवा काही होईना. म्हणजे सोडा आम्ल आहे का?

टीपकागद
सोडा आम्ल नाही, तुमची जास्वंदच वेगळी आहे. तो चहा बहुधा लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो. अंबाडी जास्वंदीचीच बहीण, पण बोंडं अतिशय आंबट. फसफस झाली त्यावरूनच कळतं की आम्ल तुमच्या चहात होतं आणि त्याने सोडा खाऊन टाकला. चहाचे फक्त पाच थेंब घ्या आणि त्यात सोड्याचं पाणी चमच्याने घालत जा. फसफस थांबल्यावर रंग जांभळट, मग निळसर-हिरवट होत जाईल. पण तक्त्यासाठी हा दर्शक सोयीचा नाही. स्वतः आंबट असलेल्या दर्शकाने सोड्यासारखं सौम्य द्रावण तपासायला गेलं की तो द्रावणालाच बदलून टाकतो.

बागेतली लाल जास्वंद घ्या, एकेरी पाकळ्यांची गडद लाल. चार-पाच फुलांच्या फक्त पाकळ्या घ्यायच्या. हिरवा देठ आणि मधला दांडा काढून टाका. 100 मिली गरम पाण्यात (उकळतं नको, हाताला चटका बसेल इतपत) दहा मिनिटं ठेवा आणि पाकळ्या न पिळता गाळा. पिळल्या की बुळबुळीत चिकट रस येतो आणि गाळणी तुंबते. हे पाणी लिंबात गडद गुलाबी होतं. साबणात हिरवं होतं. सोड्यात मळकट निळसर-हिरवं होतं, तिथे उजळ हिरव्याची अपेक्षा ठेवू नका.

आंबटचुका
आमच्याकडे जास्वंदीचं पाणी लोखंडी कढईत केलं तर काळपट निळं होतं. लोखंड आम्लारी असतं म्हणून का?

टीपकागद
नाही, तो धातूचा परिणाम आहे. जास्वंदीचा आणि कोबीचा रंग लोखंडाशी जोडला जाऊन गडद, काळपट होतो. सामूशी त्याचा संबंध नाही, पण दिसायला आम्लारीसारखंच दिसतं आणि फसवतं. स्टील किंवा काच वापरा.

निळीशाई
आणि पाणी! बोअरच्या पाण्यात केलेला कोबीचा अर्क सुरुवातीलाच निळा निघतो, कारण त्या पाण्यात बायकार्बोनेट असतात आणि उकळल्यावर तर सामू आणखी चढतो. आरओचं पाणी घ्या.

कोबीचं माप : 100 ग्रॅम लाल कोबी बारीक चिरून 250 मिली गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, मग गाळा. अर्क जांभळा हवा. निळा निघाला तर लिंबाचा एखादा थेंब टाकून जांभळा करून घ्या. हा अर्क तीन वाट्यांत दोन-दोन चमचे घ्या आणि त्यात दोन-दोन चमचे तपासायचं द्रावण घाला. लिंबू गाळून घाला. लाल-गुलाबी. सोड्याचं थंड पाणी : निळा, किंचित हिरव्याकडे. साबण : हिरवा. उकळलेल्या सोड्याची चौथी वाटी केली तर ठळक हिरवा, आणि पंधरा-वीस मिनिटांत पिवळटकडे सरकेल.

हा शेवटचा पिवळा मुलांना दाखवाच. बाकीचे रंग लिंबू घातल्यावर परत येतात. हा पिवळा लिंबू घातला तरी लाल होत नाही किंवा फिकट, अर्धवट होतो, कारण तीव्र आम्लारीत रंगाचा रेणूच मोडलेला असतो. म्हणून तक्त्यातले रंग पहिल्या दोन मिनिटांत नोंदवायचे, दुसऱ्या दिवशीचा फोटो काढून नाही.

प्रयोगवही
साबणाच्या पाण्यात कोबी हिरवा दिसतो खरा, पण दुधट हिरवा. आणि दुसऱ्या एका साबणात तर जांभळाच राहिला. हळदही तिथे पिवळीच. आता हा कोणता प्रकार?

टीपकागद
दुधट दिसतं ते कठीण पाण्यातल्या साबणाच्या चोथ्यामुळे. आरओच्या पाण्यात पाव चमचा साबणाचा कीस अर्ध्या वाटीत विरघळवा आणि दहा मिनिटं बसू द्या, वरचं पाणी वापरा. रंगीत साबण नको, पांढरा किंवा पारदर्शक घ्या.

दुसरी वडी बहुधा साबण नसून डिटर्जंटची वडी आहे. तेलात कॉस्टिक मिसळून केलेला साबण स्वभावानेच आम्लारीधर्मी असतो, सामू 9 ते 10. त्वचेला सौम्य म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वड्या दुसऱ्या रसायनांच्या असतात आणि त्यांचा सामू साडेपाच ते सातच्या घरात ठेवलेला असतो. भांड्यांचं द्रव साबणही बहुतेक उदासीनच्या आसपास असतं. वेष्टणावर घटक वाचा. सोडियम पामेट किंवा सोडियम पाम कर्नेलेट पहिलं असेल तर तो खरा साबण. तेव्हा तक्त्यात नुसतं 'साबण' लिहू नका, कोणत्या प्रकारचा ते लिहा.

आंबटचुका
म्हणजे हळदीने साबण खरा की खोटा ते कळतं!

टीपकागद
खरा-खोटा नाही हो, आम्लारीधर्मी आहे की नाही एवढंच कळतं. डिटर्जंटची वडी वाईट नसते.

प्रयोगवही
बेकिंग पावडरही करून पाहिली, कोबी जांभळाच राहिला.

निळीशाई
त्यात सोड्याबरोबर कोरडं आम्ल असतं, दोघं एकमेकांना मारतात. साध्या पाण्यात टाकल्यावर फसफसली असेल बघा. सोडा तसा फसफसत नाही. डब्यात सोडा आहे की पावडर याची शंका असली तर हीच खूण.

कोकणातली_बोंडं
एक शंका. कुंकू हळदीचंच करतात ना? मग कुंकवाच्या पाण्यात लिंबू पिळलं की पिवळं व्हायला हवं. आमच्या घरचं काही झालं नाही, लालच राहिलं. म्हणजे ते रंगवलेलं?

निळीशाई
चुना लावून लाल केलेलं असेल तर लिंबात पिवळं व्हायलाच हवं. लालच राहिलं म्हणजे रंगाची भेसळ, यात मला शंका वाटत नाही. आजकाल बरंचसं कुंकू मैद्याला किंवा स्टार्चला रंग देऊनच येतं.

टीपकागद
निळीशाई, इथे मात्र थांबा. हळकुंडं लिंबाचा रस आणि सवागी, म्हणजे टाकणखार, यांत मुरवून कुंकू करण्याचीही पद्धत आहे. तिथे लाल रंग आम्लारीमुळे येत नाही. हळदीचा रंग टाकणखारातल्या बोरॉनशी आम्लात जोडला जातो आणि जो लाल तयार होतो तो लिंबाने पिवळा होत नाही, कारण तो मुळात आंबटातच तयार झालेला असतो. त्यामुळे लिंबाच्या एका थेंबावरून चुन्याचं कुंकू ओळखू येतं, पण सवागीचं आणि रंगवलेलं यांत फरक करता येत नाही.

कोकणातली_बोंडं
मग फरक कसा करायचा?

टीपकागद
प्रयोगशाळेत हळदीच्या कागदावर बोरिक आम्ल ओळखतात तेव्हा लाल डागावर अमोनिया घालतात आणि तो हिरवट-काळा होतो. साध्या हळदीचा आम्लारीतला लाल असा काळवंडत नाही. तत्त्वतः सवागीचं कुंकू अमोनियाने काळपट व्हायला हवं आणि कृत्रिम रंगाचं व्हायला नको.

निळीशाई
तत्त्वतः. कुंकवात तेल, स्टार्च आणि वर थोडा रंगही घातलेला असला तर काय दिसेल? शिवाय एखादा कृत्रिम रंगही अमोनियात बदलणारा असू शकतो. नुसत्या काळपटपणावर मी शिक्का मारणार नाही.

टीपकागद
मान्य. म्हणून तुलना हवी. हळद, सवागी आणि लिंबाचा रस कालवून कागदावर वाळवून आपणच एक लाल डाग करायचा, आणि शेजारी दुकानातलं कुंकू लावून दोन्हींवर एकदम अमोनियाचा थेंब टाकायचा. कुंकवाच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या केम गावाच्या बाजूचं कोणी इथे असेल तर कारखान्यात सवागी वापरतात की चुना ते सांगा, म्हणजे कुठला डाग तुलनेला घ्यायचा ते ठरेल.

प्रयोगवही
तक्त्यात आता सोड्याचे दोन रकाने केलेत, थंड पाण्यातला आणि उकळलेला. साबणाचेही दोन केले. कुंकवाचा रकाना रिकामा ठेवलाय, अमोनिया मुलीच्या हाती द्यायचा नाहीये. सवागी किराणा दुकानात मिळते की आयुर्वेदिक दुकानात?

तवा_गरम
आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात विचारा, 'टाकणखार' म्हणूनच मागा. आणि ढोकळ्यातला सोडा विरघळवून घातला, ठिपके नाहीत. कडेला मात्र थोडी लाली आहे, ती आंबटाचीच कमतरता ना?

टीपकागद
हो. पुढच्या वेळी सोडा तेवढाच ठेवून लिंबू चमचाभर वाढवा. कडा भांड्याला टेकून जास्त तापते, म्हणून उरलेला सोडा आधी तिथे रंग दाखवतो.